ऑफिसातल्या माणसाचा सेवापूर्तीचा व्हिडिओ कसा करायचा: क्लिपा मागण्यापासून शेवटच्या मिनिटापर्यंत

सेवापूर्ती समारंभात लावायला सगळ्यांच्या शुभेच्छांचा व्हिडिओ करायचा हे हल्ली कोणीतरी मीटिंगमध्ये सुचवतं, सगळे माना डोलावतात आणि ऑफिसात ज्याला कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं त्याच्या गळ्यात ते काम पडतं. तुमच्या गळ्यात पडलं असेल तर हे वाचा. मी आमच्या तहसील कार्यालयात महसूल सहायक आहे, एडिटिंग शिकलेला वगैरे नाही, पण आमच्या अव्वल कारकुनांचा, म्हणजे अण्णांचा, व्हिडिओ केला आणि तो हॉलमध्ये चालला, म्हणजे लोक मधेच उठून जेवणाकडे गेले नाहीत. खाली उदाहरणं त्याच व्हिडिओची देतोय, तुमची शाळा असो, डेपो असो की बँक, काम तेच.

काय काय लागतं ते आधी. एक बरा लॅपटॉप, त्यात 20-30 जीबी मोकळी जागा, शॉटकट नावाचं फुकट एडिटिंग सॉफ्टवेअर (वॉटरमार्क येत नाही, मोबाईलवरच्या बऱ्याच फुकट ॲपमध्ये कोपऱ्यात त्यांचं नाव येतं आणि हॉलमध्ये ते फार वाईट दिसतं), दोन पेनड्राईव्ह, एचडीएमआय केबल, हेडफोन. कागदांपैकी फक्त एकच, अण्णा कुठून कुठे बदलून गेले त्याची वर्षांसकट यादी. ती आस्थापना शाखेतून किंवा गुपचूप त्यांच्या घरून मिळते.

1. तारीख आधी बघा, विशेषतः मे महिना असेल तर

सरकारी नोकरीत माणूस महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो आणि आपल्याकडे जुन्या पिढीची शाळेत घालताना लिहिलेली जन्मतारीख 1 जून असते, त्यामुळे 31 मे ला निवृत्त होणारे ढिगाने असतात. अण्णाही त्यातलेच. याचा अर्थ तुम्हाला क्लिपा मे महिन्यात गोळा करायच्यात, जेव्हा अर्धे लोक रजेवर, लग्नसराईत नाहीतर गावाला गेलेले असतात आणि तिथे रेंज नसते. शिवाय 31 तारीख शनिवार-रविवारी आली तर कार्यक्रम शुक्रवारीच होतो, ते दोन दिवस हिशोबात धरू नका.

एप्रिलच्या शेवटी यादी करा, 10 मे पर्यंत क्लिपा मागा आणि लोकांना सांगताना 10 च सांगा, खऱ्या येतील 20 पर्यंत. शेवटचा आठवडा जोडायला आणि एक दिवस हॉलमध्ये लावून बघायला. मार्चमध्ये कोणाला काही मागू नका, महसूलवाल्यांना तर नाहीच.

2. यादी बदल्यांवरून करा, आत्ताच्या ऑफिसवरून नाही

आत्ता शेजारी बसणारे लोक आपोआप येतात. व्हिडिओला जान येते ती अण्णांच्या पहिल्या पोस्टिंगच्या माणसांमुळे, ज्यांना अण्णाही विसरलेत असं वाटतं. म्हणून ती बदल्यांची यादी घ्यायची आणि प्रत्येक ठिकाणचा निदान एक माणूस शोधायचा. आमच्याकडे एक निवृत्त मंडळ अधिकारी सापडले, त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी अण्णांबरोबर एकाच खोलीत भाड्याने दिवस काढलेले. त्यांचा नंबर कोणाकडेच नव्हता, शेवटी पेन्शनर संघटनेच्या एका काकांनी दिला.

किती माणसं घ्यायची? बोलताना माणूस मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द बोलतो, म्हणजे 20 सेकंदात चाळीसेक शब्द, एक प्रसंग तेवढ्यात बसतो. व्हिडिओ आठ-नऊ मिनिटांच्या पुढे जाऊ नये, भाषणं असतात, जेवण थांबलेलं असतं. त्यामुळे पूर्ण बोलणारे 20 ते 22 लोक, बाकीच्यांना शेवटच्या भागात दोन-तीन सेकंद. शिपाई, कोतवाल, ड्रायव्हर, कँटीनवाले यांना यादीत वरच घाला, यांचं बोलणं साहेबांपेक्षा हमखास चांगलं निघतं.

गुपित ठेवायचं असेल तर एक अडचण येते, सत्कारमूर्ती ऑफिसच्या प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. नवीन ग्रुप काढा आणि नाव असं द्या की कोणाच्या मोबाईलवर ओझरतं दिसलं तरी उघडावंसं वाटणार नाही. आमचं होतं 'मान्सूनपूर्व तयारी आढावा'. पण या ग्रुपवर फक्त सूचना द्या, क्लिपा टाकू देऊ नका, कारण पहिल्याने जे टाकलं तेच पुढचे पंधरा जण बोलतात.

3. 'दोन शब्द बोला' असं चुकूनही म्हणू नका

सगळा व्हिडिओ इथे ठरतो, एडिटिंगला फार नंतर महत्त्व येतं. 'अण्णांसाठी दोन शब्द बोलून पाठवा' असा मेसेज टाकला की काय येतं ते सांगतो. 'आदरणीय अण्णा आज नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत आहेत, त्यांचे पुढील आयुष्य सुखाचे, समाधानाचे आणि निरोगी जावो हीच ईश्वरचरणी प्रार्थना.' एकदा ऐकायला छान आहे, पण वीस वेळा लागोपाठ ऐकून बघा. लोकांचं चुकत नाही, कॅमेरा दिसला की माणूस स्टेजवर चढतो.

त्यापेक्षा प्रत्येकाला दोन प्रश्न पाठवा. पहिला त्या माणसापुरता, त्याचा आणि अण्णांचा संबंध काय ते बघून. तलाठी असेल तर 'अण्णांनी तुमची फाईल पहिल्यांदा परत पाठवली तेव्हा त्यात काय चूक होती?', ड्रायव्हर असेल तर 'इलेक्शन ड्युटीच्या रात्रीचं काहीतरी सांगा', नवीन पोरगी असेल तर 'जॉईन झालीस त्या दिवशी अण्णा काय म्हणाले?'. दुसरा प्रश्न सगळ्यांना एकच: 1 जूनला सकाळी अण्णा ऑफिसात नसतील, तर पहिली गोष्ट कोणती अडेल? आणि याचं उत्तर एकाच वाक्यात द्यायचं. हा प्रश्न कशासाठी ते सहाव्या पायरीत येईल, पण तो सगळ्यांना विचारला गेलाच पाहिजे, नंतर परत मागायला गेलात तर कोणी देत नाही.

मी पाठवलेला मेसेज असा होता, वैयक्तिक, ग्रुपवर नाही:

'नमस्कार भाऊसाहेब, अण्णांसाठी गुपचूप व्हिडिओ करतोय, त्यांना सांगू नका. मोबाईल आडवा धरून दोन छोट्या क्लिपा हव्यात. एक, तुमची पहिली फाईल अण्णांनी परत पाठवली तो किस्सा, 20-25 सेकंद. दोन, 1 जूनला अण्णा नसतील तर पहिलं काय अडेल, एका वाक्यात. नाव-हुद्दा बोलू नका, मी स्क्रीनवर लिहितो. शुभेच्छाही नकोत, त्या सगळ्यांच्या मिळून शेवटी देऊ. क्लिप व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, 10 तारखेपर्यंत.'

'शुभेच्छाही नकोत' हे वाक्य वाचून काहींना कसंतरी वाटतं, फोन करून समजावून सांगा, पण काढू नका.

4. शूटिंग आणि पाठवणं

लोकांना सूचना चारच द्यायच्या, जास्त दिल्या तर एकही पाळत नाहीत. मोबाईल आडवा. खिडकी तोंडासमोर, पाठीमागे नको, नाहीतर चेहरा काळा पडतो. पंखा बंद, कारण मे महिन्यात सगळे पंख्याखाली बसून बोलतात आणि नुसती घरघर येते. आणि मोबाईल हातभर अंतरावर, लांब स्टूलवर ठेवला की आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. लेन्स पुसा हे मी प्रत्येकाला तोंडीच सांगायचो.

आता डॉक्युमेंट म्हणून का? व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला की तो आकाराने बारीक करून पाठवला जातो, मोबाईलवर ठीक दिसतो पण हॉलच्या पडद्यावर चेहऱ्याचे चौकोन चौकोन दिसतात. एचडी निवडलं तरी थोडाफार दाबतोच. तीच फाईल पिनच्या खुणेवर टॅप करून डॉक्युमेंटमधून पाठवली की जशीच्या तशी येते, 2 जीबीपर्यंत चालते. ओळखायचं कसं? आलेल्या फाईलचा आकार बघा, चांगल्या क्वालिटीची 25 सेकंदांची क्लिप साधारण 25 ते 50 एमबी असते, तुमच्याकडे 3-4 एमबीची आली तर दाबून आलीय, परत मागवा. पण माणूस थोर असेल किंवा गावाला रेंज नसेल तर तीच ठेवा, चांगला किस्सा धुरकट असला तरी चालतो.

आयफोनवाल्यांना एक जास्तीची सूचना, सेटिंगमध्ये कॅमेरा, मग रेकॉर्ड व्हिडिओ, तिथे HDR Video बंद करा. चालू राहिलं तर बाकीच्या क्लिपांमध्ये त्यांचीच क्लिप पांढरीफटक दिसते आणि ते म्हणतात तुझा लॅपटॉप खराब आहे.

ज्यांना जमणार नाही त्यांच्याकडे स्वतः जा. आमच्या शिपाईमामांनी 'मला नाही जमत बा ते' म्हणून हात वर केले, त्यांना मी रेकॉर्ड रूममध्ये लाल फडक्यात बांधलेल्या दप्तरांसमोर बसवलं, मोबाईल रॅकवर टेकवला आणि कॅमेऱ्याकडे बघू नका माझ्याकडे बघा म्हणून नुसत्या गप्पा मारल्या. सात-आठ मिनिटं बोलले, त्यातली 20 सेकंदं सोनं निघाली. अशा वेळी एक करा, प्रश्न विचारून झाला की गप्प बसा, 'हो हो, बरोबर' करत राहिलात तर तुमचा आवाज त्यांच्या बोलण्यावर चढतो आणि मग तो कापता येत नाही.

जाताच आहात तर ऑफिसची पाच-सहा छोटी दृश्यं घ्या, प्रत्येकी दहा सेकंद. आवक-जावक रजिस्टर उघडताना, शिक्का पॅडवर दाबून कागदावर मारताना, अण्णांच्या टेबलावरची टाचण्यांची डबी. आवाजासकट घ्या. हे पुढे फार उपयोगी पडतं, कोणाचं वाक्य मधूनच कापावं लागलं तर त्या जोडावर शिक्क्याचं दृश्य ठेवायचं, झटका दिसत नाही.

फाईल आली की लगेच तिचं नाव बदला. व्हॉट्सॲपची नावं सगळी सारखीच दिसतात, तीस क्लिपांनंतर कोण कुठे ते कळत नाही. मी असं ठेवलं होतं, A म्हणजे किस्सा, B म्हणजे 1 जूनचं उत्तर:

```
07_talathi_A.mp4
07_talathi_B.mp4
12_shipaimama_A.mp4
```

5. क्रम लावणं

सरकारी ऑफिसात पहिला विचार येतो तो हुद्द्याप्रमाणे लावायचा. तसं केलं की पहिली तीन मिनिटं साहेब लोकांची भाषणं होतात आणि तेच साहेब समोर स्टेजवर बसून नंतर पुन्हा बोलणार असतात. अकारविल्हे लावणंही निरुपयोगी. क्रम नोकरीच्या काळाप्रमाणे लावा. मग साहेबांचाही प्रश्न सुटतो, ते ज्या काळात होते त्या काळात येतात, कोणी वर नाही कोणी खाली नाही, आणि विचारलं तर सांगायला कारणही आहे. आत्ताच्या साहेबांना मात्र आधी कानावर घाला की तुमची क्लिप मध्यावर आहे, हॉलमध्ये कळू देऊ नका.

आमचा व्हिडिओ असा उतरला. सुरुवातीला 20 सेकंद नुसते ऑफिसचे आवाज, शिक्का, रजिस्टर, शटर, आणि त्यावर अण्णांचं नाव आणि नोकरीची वर्षं. मग जुन्या पोस्टिंगचे पाच जण, दोन मिनिटं, आणि पहिलीच क्लिप त्या भाड्याच्या खोलीवाल्या मंडळ अधिकाऱ्यांची, 'हा माणूस पोळ्या कच्च्या करायचा' अशी सुरू होणारी. पहिली क्लिप हसवणारी असली की हॉल गप्प होऊन ऐकतो. मग कामाचे किस्से आठ जणांचे, तीन मिनिटं, त्यात दोन साहेब. मग स्वभाव आणि सवयी, सात जण, पावणेदोन मिनिटं, इथे क्लिपा लहान लहान होत जातात. आणि शेवटचा भाग सव्वा मिनिटापेक्षा थोडा जास्त. सगळं मिळून साडेआठ मिनिटांच्या आत.

दोन क्लिपांमध्ये एकच किस्सा आला तर जो कमी वेळात सांगतो त्याचा ठेवा, दुसऱ्याकडून दुसरं काही निघतंय का बघा. एक हळवी क्लिप आली की लगेच दुसरी हळवी लावू नका, मधे एक टवाळ घाला. आणि 'चहापाणी', 'टेबलाखालून', कोणाची बदली कशी झाली, असले विनोद ऑफिसात कितीही चालत असले तरी कापा, समोर त्यांची सून आणि व्याही बसलेले असतात.

शॉटकटमध्ये काम सोपं आहे. क्लिप उघडा, जिथून हवी तिथे I दाबा, जिथे संपवायची तिथे O दाबा, मग A दाबलं की ती खालच्या टाइमलाइनवर शेवटी जाऊन बसते. कापताना शेवटच्या शब्दानंतर अर्धा सेकंद राहू द्या, माणूस बोलून झाल्यावर जे हसतो ते तिथे असतं, आणि सगळे तेच कापून टाकतात.

आवाज सारखा करणं हे चित्रापेक्षा महत्त्वाचं आहे. एक जण कुजबुजतो, दुसरा ग्रामसभेत बोलल्यासारखा ओरडतो. प्रत्येक क्लिपवर `Normalize: Two Pass` हा फिल्टर लावा, सगळ्यांना आकडा एकच ठेवा आणि त्यातलं Analyze बटण दाबायला विसरू नका, ते दाबल्याशिवाय काही होत नाही. उभ्या आलेल्या क्लिपांना `Blur: Pad` लावा, बाजूच्या काळ्या पट्ट्यांच्या जागी त्याच चित्राची धूसर झालर येते.

नावं मराठीतच लिहा, मुक्ता किंवा बालू हे युनिकोड फॉन्ट फुकट मिळतात. ऑफिसातले जुने टायपिंगचे फॉन्ट इथे चालत नाहीत, अक्षरांचा काला होतो. लिहिल्यावर जोडाक्षरं नीट तपासा, आणि हुद्देही, पदनामं बदलत असतात, तलाठ्याचं आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, चुकीचं लिहिलं तर लोक पुढचा सगळा व्हिडिओ सोडून तेवढंच लक्षात ठेवतात. नाव निदान चार सेकंद राहू द्या, मागच्या रांगेतल्यांना वाचायला वेळ लागतो.

6. शेवट

व्हिडिओ संपल्यावर लगेच काय होतं हे लक्षात ठेवा. निवेदक म्हणतो 'आता सत्कारमूर्तींनी मनोगत व्यक्त करावं' आणि अण्णांना उठून माईकपर्यंत जायचं असतं. बासरी, स्लो मोशन, रिकामी खुर्ची, काळेपांढरे होत जाणारे फोटो असलं लावलंत तर एक तर ते बोलूच शकणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर ते श्रद्धांजलीसारखं दिसतं. माणूस धडधाकट समोर बसलाय, उद्या शेतावर जाणार आहे. डोळ्यात पाणी येऊ द्या, पण शेवटचा सेकंद हसण्यावर संपवा.

आता त्या 1 जूनच्या प्रश्नाची उत्तरं काढा. ही एकामागे एक, दोन-तीन सेकंदांची, नावं न लिहिता, मधे काहीही न घालता लावायची. क्रम कामाकडून माणसाकडे. आमच्याकडे सुरुवात झाली 'जुने फेरफार कुठल्या रॅकवर ते कोणाला विचारायचं?', मग 'कपाटाची किल्ली', मग 'साहेब चिडलेत का हे आधी अण्णाच सांगायचे', मग एकीने नुसतं 'डबा' म्हटलं, हॉल हसला, मग 'रजेचा अर्ज फाडून टाक, घरी बोल आधी, असं कोण सांगणार', आणि शेवटी शिपाईमामा, 'काय अडत नाही. फक्त चहा एक कप उरणार.' बारा उत्तरं, जेमतेम 40 सेकंद. कोणीही शुभेच्छा दिलेल्या नाहीत आणि सगळ्यांनी दिल्या.

त्यानंतर तोच प्रश्न घरच्यांना, उलटा करून. 1 जूनला अण्णा घरी असतील तर पहिलं काय होणार? काकू म्हणाल्या, 'आता पेपर आधी मला मिळणार नाही.' नातू म्हणाला, 'आजोबांनी मला विहिरीत पोहायला शिकवायचंय, त्यांनी कबूल केलंय.' 25 सेकंद. ऑफिसात जे कमी होतंय ते घरी जास्त होतंय हे वेगळं बोलून दाखवावं लागत नाही. घरच्यांकडून क्लिप घेताना मुलगा किंवा सूनेला हाताशी धरा, काकूंकडून गुपित टिकत नाही असं सगळेच सांगतात, आमच्या काकूंनी मात्र टिकवलं.

अगदी शेवटी सगळं ऑफिस आवारात उभं, एक साधा शॉट. इथे लोक 'हॅपी रिटायरमेंट' ओरडतात. त्यापेक्षा त्या माणसाचं रोजचं वाक्य त्यालाच परत करा. अण्णा रोज सकाळी आत आले की मोठ्याने म्हणायचे, 'चला, टपाल काढा!' आम्ही सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघून तेच ओरडलं आणि तिथेच व्हिडिओ संपवला. नावांची लांब यादी, आभार, एडिटरचं नाव काही नाही. हा शॉट अण्णा दौऱ्यावर किंवा जेवायला गेल्यावर घ्यावा लागतो, आणि एकदाच घ्या, दुसऱ्यांदा लोक नाटकी होतात.

संगीत फक्त सुरुवातीला आणि या शेवटच्या भागात, शब्द नसलेलं आणि इतकं हळू की बोलणं ऐकताना ते आहे हे कळू नये. सिनेमातलं गाणं लावून पुढे यूट्यूबवर टाकलंत तर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो, यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत फुकट ट्रॅक मिळतात.

7. हॉलमध्ये लावणं

एक्सपोर्ट करताना 1080 चा, एमपी4, एच.264 असाच करा, जुन्या टीव्हीवर आणि लॅपटॉपवर तोच बिनबोभाट चालतो. साडेआठ मिनिटांची फाईल 500 एमबीच्या आसपास होते. दोन पेनड्राईव्हवर घ्या आणि लॅपटॉपवरही ठेवा, आदल्या दिवशी त्याच हॉलमध्ये त्याच साउंडवर पूर्ण लावून बघा.

दिवसा मंडपात प्रोजेक्टर काही दिसत नाही, तिथे मोठा टीव्ही भाड्याने घ्या. आवाजासाठी लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून साउंडवाल्याच्या मिक्सरला वायर मागा, ती त्यांच्याकडे असते पण मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि मग कोणीतरी लॅपटॉपच्या स्पीकरपाशी माईक धरून उभा राहतो, एक शब्द कळत नाही. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, नाहीतर साहेब बोलत असताना कोपऱ्यात मेसेज उगवतात. मे आहे, लाईट जाऊ शकते, टीव्ही आणि साउंड दोन्ही जनरेटरवर आहेत का ते विचारून ठेवा, बऱ्याचदा फक्त पंखे असतात.

लावायची वेळ साहेबांच्या भाषणानंतर आणि अण्णांच्या मनोगताच्या आधी. निवेदकाला कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं गर्दीत राहून जातं.

कार्यक्रमानंतर अण्णांना पेनड्राईव्ह देताना त्यात व्हिडिओबरोबर न कापलेल्या सगळ्या क्लिपाही टाका. शिपाईमामांची ती सात-आठ मिनिटं पूर्ण ऐकायची आहेत असं अण्णांनी दुसऱ्याच दिवशी फोन करून सांगितलं, आणि त्याच फोनवर जुने फेरफार कुठल्या रॅकवर आहेत तेही.